तोंडानं सांगायचं, आवाजानं की अक्षरांनी?
उटण्याच्या अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीची गोष्ट

आज मी रेडिओवरून तुम्हाला व्हिडिओबद्दल सांगणार आहे. ऐकायला गंमत वाटेल, कारण इथं दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. पण शेवटी तुमच्या लक्षात येईल, की चांगल्या जाहिरातीची निम्मी परीक्षा डोळे मिटूनच होते.

आपल्या तालुक्यातला एक १० जणींचा गट गेली काही वर्षं दिवाळीचं उटणं करतो. गटाच्या आक्का गेल्या भाद्रपदात आमच्या केंद्रावर आल्या. हातात मोबाइल, चेहरा जरा उतरलेला. म्हणाल्या, "ताई, औंदा व्हिडिओ करायचा का नाही तेच कळंना. गेल्या वर्षी केला आणि तोंडघशी पडलो."

मी तो व्हिडिओ पाहिला. अडीच मिनिटांचा. आक्का अंगणात खुर्चीवर बसून थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलत होत्या. सुरुवात छान होती. आम्ही दहा जणी, घरी दळतो, घरी गाळतो. मग समोर मोबाइल धरलेल्या सुनेनं विचारलं, "अजून सांगा की काहीतरी." आणि आक्कांची गाडी उताराला लागली. अंग उजळतं, मुरुमं जातात, डाग जातात, वांगसुद्धा जातात.

आक्कांच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत. उन्हात कामं केलेल्या कितीतरी बायकांना असतात तसे. व्हिडिओ गावागावांत फिरला आणि कुणीतरी उलट लिहून पाठवलं, "मग तुमचे का नाही गेले?" ते एक बोचलंच. पण त्याहून वाईट गोष्ट पुढं झाली. शेजारच्या गावातल्या एका कॉलेजच्या मुलीनं मुरुमं जातील म्हणून ते उटणं रोज सकाळ-संध्याकाळ तोंडावर घासलं. आठवडाभरात तिचं तोंड लाल झालं, मुरुमं फुटली, आग व्हायला लागली. तिची आई पाकीट घेऊन आक्कांच्या दारात आली. उटण्यात काही भेसळ नव्हती. पण खरखरीत पूड सुजलेल्या मुरुमांवर रोज घासली तर कातडी सोलवटणारच. चूक पाकिटातल्या मालाची नव्हती, तोंडातून गेलेल्या शब्दांची होती.

म्हणून यंदा गटापुढं प्रश्न होता. पुन्हा कॅमेऱ्यासमोर बोलायचं? का मागून नुसता आवाज द्यायचा आणि पुढं चित्रं दाखवायची? का आवाज नकोच, पडद्यावर अक्षरं लिहायची आणि खाली संगीत लावायचं? पैसे म्हणाल तर हाताशी एक मोबाइल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा तारेचा कॉलर माइक, एवढंच. मी म्हटलं, आधी एक ठरवू. गिऱ्हाइकाच्या मनात शंका कोणती आहे? ज्या शंकेला उत्तर द्यायचं, त्यावर रीत ठरते.

आम्ही बाजारच्या दिवशी पाच-सहा बायकांना नुसतं पाकीट हातात देऊन विचारलं. सगळ्यांच्या बोलण्यात फिरून फिरून तीन गोष्टी आल्या. हे केलंय कुणी? यात घातलंय काय, नुसती माती आणि वास तर नाही ना? आणि आमच्या पोराच्या अंगाला टोचणार तर नाही? किंमत त्या पाकिटावर बघतच होत्या. उजळपणाचं कुणी विचारलंही नाही.

आता या तीन शंका तीन रीतींपुढं ठेवून बघा.

"केलंय कुणी" याचं उत्तर माणसाच्या चेहऱ्याइतकं चांगलं कशानंच देता येत नाही. ओळखीची बाई समोर दिसली, तिच्या बोलण्याचा हेल कानावर आला, की माल आपल्या माणसांचा आहे हे सांगावं लागत नाही. कॅमेऱ्यासमोर बोलण्याची ताकद इथं आहे. पण त्वचेच्या वस्तूच्या बाबतीत त्यात एक खोच आहे. बाई जे बोलते ते बघणारी ऐकतच नाही, ती तिची कातडी बघत बसते. लोणच्याच्या जाहिरातीत असं होत नाही. उटण्याच्या, साबणाच्या, मलमाच्या जाहिरातीत मात्र बोलणारीचा चेहरा हाच पुरावा होऊन बसतो, आपल्या मनात असो वा नसो.

हे सांगितल्यावर गटातली एक वहिनी पटकन म्हणाली, "मग आक्कांच्या जागी त्यांच्या सुनेला बसवू. तिचा चेहरा कसा नितळ आहे." आक्का काही बोलल्या नाहीत. पदर जरा पुढं ओढून बसल्या. मला ते लागलं, पण नुसतं वाईट वाटून चालणार नव्हतं, कारण वहिनीचा विचार व्यवहाराचा होता. मी विचारलं, "सूनबाई उटणं लावते का?" सूनबाई हसली. म्हणाली, "दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, तेवढंच." मग तिचा नितळ गाल पाकिटाशेजारी दाखवला, तर एक शब्द न बोलता आपण काय म्हणालो? या उटण्यानं असा गाल होतो. म्हणजे गेल्या वर्षीचीच थाप, फक्त यंदा चित्रातून.

तिथं आम्ही एक नियम केला आणि तो तुम्हीही लिहून ठेवा. चेहऱ्यानं कामाबद्दल बोलावं, कातडीबद्दल बोलू नये. आक्का दळतात, गाळतात, तोलतात. ते त्यांनी तोंडानं सांगावं. त्या बोलण्याला गालावरच्या वांगाची काहीच आडकाठी नाही. उलट रापलेला, खरा चेहरा कामाची साक्ष देतो. एवढं करताना मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातली चेहरा गुळगुळीत करणारी सोय बंद करायची. पुष्कळ मोबाइलमध्ये ती आधीपासून चालूच असते. कपाळावरची रेघ किंवा नाकाशेजारचा तीळ पुसट दिसला, की समजावं ती चालू आहे. उटण्याच्या जाहिरातीत ती चालू ठेवणं म्हणजे तागडीखाली मेण लावणं.

दुसरी शंका, यात घातलंय काय. आक्कांनी बसून दहा नावं सांगितली तर ऐकणारीच्या डोळ्यापुढं काहीच येत नाही. पण ताटात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गुलाबपाकळी, संत्र्याची साल आणि मुलतानी माती वेगवेगळी मांडलेली दिसली, आणि मागून शांत आवाजात एकेक नाव आलं, तर ते लगेच पटतं. हात कामात आणि आवाज मागून, ही रीत करणीची कामं दाखवायला सगळ्यांत चांगली. शिवाय आवाज कागदावर लिहून मग वाचला जातो. लिहिताना हात आवरतो. समोरचीनं "अजून सांगा की" म्हटलं म्हणून वांग जात नाहीत. गेल्या वर्षीची चूक तिथंच अडली असती.

पैशाच्या बाजूनंही ही रीत स्वस्त पडते. एखादा शब्द चुकला तर तेवढाच पुन्हा बोलायचा. पुन्हा ताट मांडायला नको, की उजेडाची वाट बघायला नको. समोर बसून बोलताना तसं होत नाही. शेवटच्या वाक्याला कोंबडं आरवलं की सगळं पहिल्यापासून.

पण नुसत्या आवाजालाही तोटा आहे. आधी आम्ही गटातल्या एका मुलीच्या आवाजात पूर्ण जाहिरात करून पाहिली. तिनं रेडिओ-टीव्हीवर ऐकलेलं असतं तसं गोड, पुस्तकी वाचलं. बाजारात बायकांना दाखवलं तर पहिला प्रश्न आला, "ही कुठल्या कंपनीची हो?" हात दिसत होते, पण ते कुणाचे, कळत नव्हतं. आवाज कुठून आला, कळत नव्हतं. दहा जणींचं काम परक्याचं वाटलं. म्हणून आवाज आक्कांचाच ठेवला, त्यांच्याच बोलीत, आणि पहिल्या वाक्याला त्यांचा चेहरा दाखवला. एकदा चेहरा आणि आवाज जुळला, की पुढं नुसता आवाज आला तरी बघणारीला तो ओळखीचा वाटतो.

आता राहिली अक्षरं. गटातल्या मुलींना हीच रीत आवडली होती, कारण कुणाला बोलायला लागत नाही. त्यांनी एक नमुना केलाही. १४ ओळी, मागं सिनेमाचं गाणं. बाजारातल्या बायकांनी दोन ओळी वाचल्या आणि मोबाइल परत दिला. कुणाचा चष्मा घरी होता, कुणाला भरभर वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्या वाचण्याच्या नादात उटणं बघायचंच विसरल्या. गाण्याचंही सांगते. सिनेमाचं गाणं मालकाच्या परवानगीशिवाय आपल्या जाहिरातीला लावता येत नाही. पाटा-वरवंट्याचा, चाळणीचा आवाज असतोच की आपल्याकडे, तो फुकट आहे आणि खरा आहे.

तरीही अक्षरांवाचून भागत नाही. पुष्कळ जणी मोबाइलचा आवाज बंद ठेवून बघतात. एसटीत असतात, नाहीतर घरात सासरे झोपलेले असतात. आणि फोन नंबर ऐकून कुणाच्या लक्षात राहतो? तेव्हा अक्षरांना तेवढंच काम द्यायचं, जे आवाजाला जमत नाही. किंमत, वजन, नंबर. आणि एक सूचना, जी कुणाच्या नजरेतून सुटता कामा नये: आधी मनगटावर लावून पाहा.

अक्षरं टाकताना तीन गोष्टी बघा. एका वेळी पाच-सहा शब्दांपेक्षा जास्त नकोत, आणि आपण ते सावकाश दोनदा वाचू शकू एवढा वेळ ते पडद्यावर राहू द्या. ओळ अगदी तळाला नको, कारण उभ्या व्हिडिओत तळाशी नाव, बटणं वगैरे येतात आणि आपली किंमत त्यांच्याखाली झाकली जाते. तिसरं म्हणजे जोडाक्षरं तपासा. काही ॲपमध्ये मराठी अक्षरं फुटतात. 'ग्रॅम' आणि 'त्वचा' हे दोन शब्द लिहून बघायचे. ते नीट उमटले तर बाकीचे बहुधा उमटतात. नाहीतर अक्षराचा प्रकार बदलायचा.

आता प्रत्यक्ष जाहिरात कशी झाली ते सांगते. आधी वेळ ठरवली, ३० सेकंद. आक्कांसारखं निवांत बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे साठ शब्दांच्या आत सगळं बसलं पाहिजे. आम्ही कागदावर लिहून बोटांवर शब्द मोजले. शेवटी उरलं ते असं:

पहिले ५ सेकंद आक्कांचा चेहरा, मागं दळणाची गडबड. "मी आणि माझ्या नऊ मैत्रिणी हे उटणं स्वतः दळतो, गाळतो."

पुढचे ८ सेकंद ताटातल्या जिनसांवरून फिरणारा हात. "यात आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गुलाबपाकळी, संत्र्याची साल आणि मुलतानी माती. एवढंच. वरून रंग नाही, अत्तर नाही."

पुढचे ६ सेकंद मलमलच्या फडक्यातून पूड खाली झरताना. "तीन वेळा वस्त्रगाळ केलंय, म्हणून अंगाला टोचत नाही, मऊ लागतं."

पुढचे ७ सेकंद वाटीत कालवलेलं उटणं आणि एक हात, दंडापासून मनगटापर्यंत. "दुधात नाहीतर पाण्यात कालवा. आधी मनगटावर लावा, एक दिवस थांबा, मगच अंगाला लावा." याच वेळी मनगटाची ती सूचना अक्षरांतही येते.

शेवटचे ४ सेकंद पाकीट. "दिवाळीसाठी आजच सांगून ठेवा." आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत: १०० ग्रॅम, ६० रुपये, फोन नंबर.

यात उजळणं नाही, डाग नाहीत, मुरुमं नाहीत. मैत्रिणींनो, हा नुसता चांगुलपणा नव्हे. उटणं हे अंग स्वच्छ करायचं, सुगंधी वाटायचं साधन आहे. ते लावून पाच मिनिटांत धुतलं जातं. वांग त्यानं जात नाहीत, मुरुमांची सूज त्यानं उतरत नाही. त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. रोग बरा करण्याचा दावा केला, की तो औषधाचा दावा होतो, आणि त्यासाठी १९५४ सालापासून वेगळा कायदा आहे. खोटी जाहिरात केली तर २०१९ च्या ग्राहक कायद्याखाली तक्रार होऊ शकते. विकण्यासाठी अशी प्रसाधनं करायची तर अन्न व औषध प्रशासनाचा परवानाही लागतो. आमच्यापुरती सोपी खूण अशी, की पाकिटावर छापायला हात धजणार नाही ते वाक्य जाहिरातीत बोलायचं नाही.

काम करण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी आवाज, मग चित्रं. आवाज आधी घेतला की कुठलं चित्र किती वेळ लागेल ते कळतं आणि नको ते चित्रण होत नाही. आक्कांचा आवाज आम्ही त्यांच्याच घरी गोधड्यांच्या खोलीत घेतला. गोधड्या, गाद्या, कपडे असले की आवाज घुमत नाही. पंखा बंद, मोबाइल विमान-मोडवर, आणि माइक तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला. अगदी समोर धरला की 'फ' आणि 'प'ला फुस्स होतं. कागद हातात न खुळखुळता भिंतीला टाचला. तरी आक्का वाचल्यासारखं बोलायला लागल्या. मग मी म्हटलं, कागद सोडा, मला नवी गिऱ्हाईक समजा आणि सांगा. तिसऱ्या वेळेला वाक्य तेच राहिलं आणि बोलणं खरं झालं.

चित्रं सकाळी दाराच्या सावलीत घेतली, उजेड समोरून. उन्हात घेतली तर पूड पांढरी फट दिसते आणि हाताचा रंगही खोटा येतो. मोबाइल पिठाच्या डब्यांच्या थराला टेकवून उभा ठेवला. चेहऱ्याच्या वाक्याला आक्कांची नजर सारखी पडद्यातल्या स्वतःकडे जात होती, म्हणून मागचा कॅमेरा वापरला आणि त्याच्या भिंगाशेजारी एक टिकली चिकटवली. "टिकलीशी बोला," म्हटल्यावर नजर जागेवर आली.

सगळं जोडून झाल्यावर दोन परीक्षा घेतल्या. आधी आवाज पूर्ण बंद करून दाखवलं. बघणारीला वस्तू कोणती, केवढ्याला आणि कुणाला फोन करायचा एवढं कळलं पाहिजे. मग मोबाइल पालथा घालून नुसतं ऐकवलं, जसं तुम्ही आत्ता मला ऐकताय. केलं कुणी, त्यात काय आहे आणि लावायचं कसं, हे डोळे मिटून कळलं पाहिजे. पहिल्या परीक्षेत आम्ही नापास झालो. किंमत तळाला होती, बटणांखाली गेली होती. वर घेतली. पुढं डब्यांचा भाव वाढल्यावर पाकीट ६५ ला करावं लागलं, तेव्हा फक्त तेवढी अक्षरं बदलली. किंमत आक्कांच्या तोंडून बोलवून घेतली असती, तर पुन्हा गोधड्यांच्या खोलीत जावं लागलं असतं.

व्हिडिओ कोजागिरीच्या आधी पाठवला. किती पाकिटं गेली ते गटाच्या वहीत आहे, ते त्यांचं त्या सांगतील. मला आठवतात ते आलेले फोन. गेल्या वर्षी बायका विचारायच्या, डाग किती दिवसांत जातात? यंदा विचारत होत्या, लहान बाळाला चालेल का, डब्यात किती दिवस टिकतं, नागरमोथा कुठून आणता? एकीनं मात्र थेट विचारलं, "आक्का, तुमच्या गालावर वांग आहेत, यानं जात नाहीत का हो?"

मी शेजारीच बसले होते. आक्का म्हणाल्या, "न्हाई बाई, यानं नाही जात. त्याला डॉक्टरच पायजे. हे आपलं दिवाळीच्या आंघोळीला." पलीकडून जरा वेळ आवाज आला नाही. मग ती बाई म्हणाली, "बरं, मग चार पाकिटं ठेवा."